दोन कळींमधला पासवर्ड

मामांचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा त्यांचा सगळा राग मोबाइलवर होता. ईमेलचा पासवर्ड आदल्या रात्री त्यांनी लॅपटॉपवर बदलला होता. लॅपटॉपवर तो बिनतक्रार चालत होता, मोबाइलवर मात्र दहा वेळा टाकूनही ‘चुकीचा पासवर्ड’. “अगं, माझ्या हातानं लिहून ठेवलाय वहीत. अक्षर न् अक्षर तेच टाकतोय. फोनच बिघडलाय.”

फोन ठीक होता. मामाही वहीत लिहिलं तेच टाकत होते. चूक आदल्या रात्रीच झाली होती आणि तिला जागा मिळाली होती ती लॅपटॉपच्या कीबोर्डवरच्या दोन कळींमध्ये.

कीबोर्डबद्दल एक गोष्ट लक्षात घेतली की पुढचं सगळं उलगडतं. कळीवर अक्षर छापलेलं असलं तरी ते अक्षर कीबोर्ड संगणकाला पाठवत नाही. तो पाठवतो त्या कळीच्या जागेचा क्रमांक. यूएसबी कीबोर्डच्या नियमात p च्या कळीचा क्रमांक 19, आकडा 2 च्या कळीचा 31. ‘31 दाबली, सोबत शिफ्टही दाबली आहे’ एवढाच निरोप जातो. त्यातून कोणतं चिन्ह काढायचं हे ठरवतो संगणकातला एक तक्ता, म्हणजे कीबोर्ड लेआउट. अमेरिकी तक्त्यात शिफ्टसोबत 2 म्हणजे @. ब्रिटिश तक्त्यात त्याच कळींचं " होतं आणि @ जातं एंटरजवळच्या अवतरणचिन्हाच्या कळीवर. दोघांनी जागांची अदलाबदल केली आहे. शिफ्टसोबत 3 दाबलं तर अमेरिकी तक्ता # देतो, ब्रिटिश £ देतो. a ते z ही अक्षरं आणि आकडे मात्र दोन्हीकडे जिथल्या तिथे.

आपल्याकडे मिळणाऱ्या लॅपटॉपच्या कळींवर बहुधा अमेरिकी तक्त्याप्रमाणेच चिन्हं छापलेली असतात. मामांच्या लॅपटॉपवरही तशीच होती. पण आत तीन तक्ते होते. अमेरिकी इंग्रजी मुळातलं. मराठी इनस्क्रिप्ट मामांनी लेख लिहिण्यासाठी घेतलेलं. आणि ब्रिटिश इंग्रजी, जे त्यांच्या इंग्लंडहून सुट्टीला आलेल्या मुलानं पौंडाच्या चिन्हासाठी जोडलं आणि काढायचं राहिलं. विंडोजमध्ये असे एकाहून अधिक तक्ते असले की डावी आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडल्यावर पुढच्या तक्त्यावर उडी जाते. पडद्यावर मोठी सूचना येत नाही. खाली उजव्या कोपऱ्यातलं ENG US बदलून ENG UK होतं, इतकंच.

ही उडी चुकून लागणं फार सोपं आहे. पासवर्डचं पहिलं अक्षर बहुधा कॅपिटल असतं, म्हणून डावी करंगळी शिफ्टवर जाते. अंगठा स्पेसबारच्या डावीकडे थोडा सरकला की खाली आल्ट असते. ती नुसती टेकली तरी पुरतं.

मामांनी खरा पासवर्ड मला सांगितला नाही, मी विचारलाही नाही. फक्त त्यात कोणतं चिन्ह आहे एवढं विचारलं. “ॲट आहे,” ते म्हणाले. आपण उदाहरणासाठी Satara@45 धरू. त्या रात्री नकळत ब्रिटिश तक्ता लागला होता. मामांनी शिफ्टसोबत 2 दाबलं, कळीवर @ स्वच्छ छापलेलं होतं, आणि आत गेलं ते असं:

```
Satara"45
```

पडद्यावर नऊ ठिपके उमटले. बरोबर पासवर्डाचेही नऊच ठिपके आले असते. खात्रीसाठी दुसऱ्यांदा टाकला, तीच कळ, तेच ", दोन्ही जुळले आणि नवा पासवर्ड कायम झाला. नेहमी वेबसाइट दोनदा टाकायला लावते ती बोटाची चूक पकडण्यासाठी. तक्ताच बदललेला असेल तर दोन्ही वेळा एकच चूक होते आणि ती खुणेसकट मान्य होते.

ईमेलचा पत्ता टाइप केला असता तर त्यातलं @ उघड्यावर बिघडलेलं दिसलं असतं. पण तो ब्राउझरनं आपणहून भरला होता. सकाळी लॅपटॉपवर तोच तक्ता होता, म्हणून त्याच कळींनी दार उघडलं. मोबाइलच्या पडद्यावरच्या कीबोर्डला कळींच्या जागांचा हा घोळ नाही. तिथे @ ला बोट लावलं की @ च जातं. त्यामुळे मामा फोनवर अगदी बरोबर टाकत होते आणि म्हणूनच नाकारले जात होते.

वेबसाइट निदान ‘एकच चिन्ह चुकलंय’ असं का सांगत नाही, असं मामांनी विचारलं. तिला ते कळतच नाही. नीट बांधलेली वेबसाइट पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. त्यातून गणितानं काढलेला एक लांबलचक ठसा ठेवते. संगणकासाठी @ म्हणजे 64 आणि " म्हणजे 34. एवढा एक आकडा बदलला तरी ठसा आमूलाग्र वेगळा येतो. जवळ आणि लांब असा भेद त्यात उरत नाही.

मराठी तक्ता लागला तर घोळ याहून मोठा, पण पकडायला सोपा. इनस्क्रिप्टमध्ये pune टाइप केलं की ‘जहला’ उमटतं, कारण p वर ज, u वर ह, n वर ल आणि e वर काना बसलेला आहे. नोटपॅडमध्ये हे लगेच डोळ्यात भरतं. ब्रिटिश तक्ता satara हा शब्द शहाण्यासारखा जसाच्या तसा देतो, आणि त्यामुळेच संशय येत नाही. म्हणून तपासायची ती चिन्हं. मामांना मी नोटपॅड उघडून फक्त शिफ्टसोबत 2 दाबायला सांगितलं. “अगं, हे तर अवतरणचिन्ह आलं!” पूर्ण पासवर्ड मात्र असा उघड्यावर लिहून बघू नये. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत तर मुळीच नाही, कारण शोध सुचवण्यासाठी तिथली अक्षरं टाइप होता होताच बाहेर पाठवली जाऊ शकतात. पासवर्डाच्या चौकटीत डोळ्याची खूण असेल तर आजूबाजूला कुणी नाही हे पाहून ती दाबणं बरं.

पुढचा क्रम महत्त्वाचा होता. आधी तक्ता दुरुस्त केला असता तर शिफ्टसोबत 2 दाबून @ आलं असतं आणि लॅपटॉपवरही दार बंद झालं असतं. म्हणून आधी ब्रिटिश तक्त्यातच आत शिरून पासवर्ड बदलायचं पान उघडलं आणि जुना पासवर्ड तिथे टाकला. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून अमेरिकी तक्ता निवडला, कोपऱ्यात ENG US दिसल्यावरच नवा पासवर्ड दोनदा टाकला. तो मोबाइलवर पहिल्याच फटक्यात चालला.

नंतर Language & region मध्ये जाऊन ब्रिटिश इंग्रजी काढून टाकलं. आल्ट-शिफ्टची उडीही बंद केली. विंडोज 11 मध्ये ती जागा खोल दडलेली आहे:

```
Settings > Time & language > Typing
> Advanced keyboard settings
> Input language hot keys
> Change Key Sequence > Not Assigned
```

मराठी मामांना रोज लागतं, ते राहिलं. त्यासाठी विंडोज-स्पेसबार आहेच, आणि तो दाबला की तक्त्यांची यादी डोळ्यांसमोर उघडते, त्यामुळे बदल नकळत होत नाही. संगणक सुरू होताना पासवर्ड मागणाऱ्या पडद्यावरही तक्त्याची खूण खाली उजवीकडे असते. ती कुठे ते मामांनी फोनवरच शोधून मला वाचून दाखवलं, आणि वहीत पासवर्डाखाली लिहून ठेवलं, ENG US.