माउथपीस अडकलं? पक्कड दूर ठेवा

वरातीच्या गर्दीत धक्का बसतो, ट्रंपेट माउथपीसवर आपटतो आणि मग ते निघता निघत नाही. बँडवाला पक्कड शोधतो. नुकसान होतं ते इथेच.

माउथपीसची दांडी टोकाकडे निमुळती असते. साधारण 20 मिलिमीटर लांबीत तिची जाडी एक मिलिमीटरने कमी होते. इतका कमी उतार असल्यामुळे हलक्या ठोक्यानेही ती पाचरीसारखी घट्ट बसते. ती ज्या लीडपाइपमध्ये बसते, त्याचं पितळ मात्र पातळ असतं आणि त्याचे आधार डाखाने जोडलेले असतात. पिळलं, की माउथपीस जागचं हलत नाही. नळी मुरगळते किंवा डाख सुटतो.

दुरुस्ती करणारे यासाठी पुलर वापरतात. त्याची एक बाजू नळीच्या तोंडावरच्या जाड कड्याला टेकते, दुसरी माउथपीसच्या फुगीर भागाला. दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवायचे. एकच आवळला, तर ओढ तिरपी होते. ओढ सरळ अक्षात असेल, तर बाकीच्या वाद्यावर ताण येत नाही. ‘टक्’ असा आवाज आला, की सुटलं समजा.

तरीही हललं नाही, तर सांध्यात पातळ तेलाचे थेंब सोडून काही तास थांबावं आणि पुलर पुन्हा लावावा.

सुटल्यावर दांडीचं टोक नीट पाहावं. पडल्यामुळे ते चेपलं असेल, तर निमुळत्या सळईवर गोल करून घ्यावं, नाहीतर पुन्हा अडकेल. पुलर जवळ नसेल, तर वाद्य आहे तसंच दुरुस्तीच्या दुकानात न्यावं.