बोटाखालचा पेशन्स

विंडोज 3.0 सोबत 1990 मध्ये पत्त्यांचा पेशन्स घरोघरच्या संगणकावर आला. माऊसने एखादी गोष्ट पकडून ओढायची सवय लोकांना लागावी, हाही तो खेळ देण्यामागचा हेतू मानला जातो. आज निवृत्तीनंतर पहिल्यांदा टॅबलेट हातात घेणाऱ्यांसाठी पहिला खेळ म्हणून मी हाच सुचवतो, पण ओढण्याची सक्ती नसेल तरच. काचेवर बोट टेकवून, न उचलता, नेमक्या जागी नेऊन सोडणं नवख्याला फार जड जातं. वाटेत बोट जरा उचललं की पत्ता परत जागेवर. तीनदा असं झालं की माणूस टॅबलेट बाजूला ठेवतो आणि ‘आपल्याला नाही जमायचं’ म्हणतो.

म्हणून खेळ निवडताना आधी एवढंच बघा: पत्त्याला नुसतं टेकवलं की तो आपणहून योग्य जागी जातो का? चौकट दश्शी उघडी आहे आणि शेजारच्या रांगेत इस्पिक नव्वी. नव्वीला एकदा स्पर्श केला की ती दश्शीवर जाऊन बसली पाहिजे. पेशन्सच्या बऱ्याच ॲपमध्ये ही सोय असते. तिची एक खोड मात्र आहे. पत्त्याला दोन जागा असतील तर कुठली घ्यायची हे ॲपच ठरवतं. बदाम पंजी तुम्हाला किलवर छक्कीवर हवी असते आणि ती थेट वरच्या गड्डीत जाते. त्यासाठी चाल मागे घेण्याचं बटण मोठं आणि कायम समोर हवं.

नियम शिकवायला फारसा वेळ लागत नाही. बदाम सत्ती खेळलेल्या माणसाला एकाच रंगाची ओळ क्रमाने लावणं पाठच असतं. इथे फरक इतकाच की वरच्या चार गड्ड्या एक्क्यापासून चढत जातात आणि खालच्या सात रांगांत लाल-काळे आलटून पालटून उतरत जातात. रिकामी झालेली रांग फक्त राजाने सुरू होते. 52 पैकी 28 पत्ते रांगांत लागतात, उरलेले 24 बाजूच्या गठ्ठ्यात. गठ्ठ्यातून एकेक पत्ता उघडायचा की तीन-तीन, हे सेटिंगमध्ये ठरतं. सुरुवातीला एकच ठेवा. घड्याळ आणि गुणही बंद करा. कोपऱ्यात सेकंद पळताना दिसले की बोट घाई करतं. सुटणारेच डाव वाटण्याचा पर्याय असेल तर तो घ्या, कारण मुळात काही डाव कसेही खेळले तरी सुटत नाहीत, आणि नवखा माणूस दोष स्वतःकडे घेतो.

दहा इंची टॅबलेट आडवा धरला तर सात रांगांपैकी प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे तीन सेंटिमीटर येतात, उभा धरला तर दोनही नाहीत. म्हणून आडवाच. पण आडव्यात उंची कमी पडते, लांब रांगेतले पत्ते एकमेकांवर चढतात आणि आकडे झाकले जातात. मोठ्या आकड्यांचे पत्ते निवडायची सोय असलेलं ॲप इथे कामाला येतं.

आता बोटाचं. स्क्रीनला बोटातला विजेचा सूक्ष्म परिणाम कळतो, दाब नव्हे. त्यामुळे नखाने टोकरून काही होत नाही आणि जोरात दाबूनही नाही. वयपरत्वे बोटं कोरडी पडतात; ओल्या फडक्याला टेकवून घेतली तरी बरंच जमतं. दुसरी अडचण बोट रेंगाळण्याची. ते जास्त वेळ टेकलं की टॅबलेट त्याचा वेगळाच अर्थ लावतो आणि भलताच मेन्यू उघडतो. अँड्रॉइडच्या Accessibility मध्ये `Touch & hold delay` असतं, ते `Long` करून टाका. टॅबलेट हातात धरू नका, स्टँडवर ठेवा. धरलेल्या हाताचा अंगठा काठावर टेकलेला असतो आणि दुसऱ्या हाताचं टेकवणं वाया जातं. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त हेडक्लार्कांनी ‘हा बिघडलाय’ म्हणून टॅबलेट दुकानात नेऊन दाखवला होता. तिथे टेबलावर ठेवताच तो सुरळीत चालला.

खरा वैताग जाहिरातींचा. खेळाची बटणं मोठी असली तरी जाहिरात बंद करायची फुली बारीक असते. बोटासाठीचं बटण निदान नऊ मिलिमीटरचं असावं, असं गूगलच ॲप बनवणाऱ्यांना सांगतं. या फुल्या बहुतेकदा त्याहून लहान दिसतात. बोट चुकलं की भलतंच पान उघडतं. पेशन्सला इंटरनेट लागत नाही, तेव्हा खेळताना वायफाय बंद ठेवा. त्याने बऱ्याच जाहिराती थांबतात. तसं केल्यावर खेळच उघडत नसेल तर ते ॲप काढून दुसरं घ्या, किंवा एकदाच पैसे भरून जाहिराती बंद करा. टॅबलेटवर कार्डाची माहिती साठवलेली असेल तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावा.

हे हातात बसलं की फ्रीसेल द्या. त्यात सगळे पत्ते पहिल्यापासून उघडे असतात आणि जवळजवळ प्रत्येक डाव सुटतो. विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमधल्या 32,000 डावांपैकी न सुटणारा एकच निघाला, क्रमांक 11,982.