उकळूनही न मरणारे बीजाणू

शस्त्रक्रियेची कात्री तासभर उकळली, तरी ती निर्जंतुक झाली असे खात्रीने सांगता येत नाही. धनुर्वाताच्या जिवाणूसारखे काही जिवाणू उपासमार होऊ लागली की आपल्याच पेशीत एक बीजाणू घडवतात. बाकीची पेशी विरून जाते. बीजाणू वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो.

त्याचे रहस्य गाभ्यातल्या कोरडेपणात आहे. वाढत्या जिवाणूत सुमारे ८० टक्के पाणी असते, बीजाणूच्या गाभ्यात त्याहून खूपच कमी. पाण्याची जागा कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल घेतात. उष्णतेने प्रथिनांची घडी उलगडते, पण त्यासाठी त्यांना हलायला पाणी लागते. इथे ती जागच्या जागी जखडलेली असतात. डीएनएलाही खास प्रथिने बिलगून सांभाळतात.

जंतुनाशकांना अडवते ते बाहेरचे जाड प्रथिनकवच आणि गाभ्याभोवतीचे, जवळजवळ काहीच आत न सोडणारे पटल. म्हणून स्पिरिटने बीजाणू मरत नाहीत. दोन टक्के ग्लुटराल्डिहाइडने ते मरतात, पण त्यासाठी उपकरण सुमारे दहा तास बुडवून ठेवावे लागते.

मग ऑटोक्लेव्ह काय वेगळे करतो? तो मुळात प्रेशर कुकरच. दर चौरस इंचावर १५ पौंड जादा दाबाखाली वाफ १२१ अंश सेल्सिअसवर असते. मारतो तो दाब नव्हे, तापमान. वाफ थंड वस्तूवर पाणी होऊन बसताना साठवलेली उष्णता एकदम सोडते आणि ओल पुरवते. एवढ्या ओल्या उष्णतेत गाभ्यातली प्रथिनेही तग धरत नाहीत. कोरड्या भट्टीत हेच काम १६० अंशांवर दोन तास घेते.

जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या अत्यंत चिवट जिवाणूचे दहा लाख बीजाणू घ्या. १२१ अंशांवर दर दोनेक मिनिटांनी दहातले नऊ मरतात: आधी एक लाख उरतात, मग दहा हजार. बारा मिनिटांत सरासरी एक उरतो, पंधरा मिनिटांत तोही बहुधा नाही. तापमान दहा अंश घटले की वेळ साधारण दहापट होतो. म्हणजे १०१ अंशांवर नुसता पहिला टप्पा गाठायलाच तीन तासांहून अधिक लागतील. उकळणे अपुरे पडते ते यामुळे.

घात होतो तो आत राहिलेल्या हवेने. काटा १५ पौंड दाखवतो, पण हवा मिसळलेल्या वाफेचे तापमान १२१ अंशांपर्यंत पोहोचत नाही. घट्ट बांधलेल्या गाठोड्याच्या पोटातही हवा अडकते. बाहेरच्या टेपवर काळे पट्टे उमटले, तरी त्यावरून आतली स्थिती समजत नाही. म्हणून याच जिवाणूच्या बीजाणूंची पट्टी गाठोड्याच्या मधोमध ठेवतात आणि नंतर ती पोषक द्रवात ५५ ते ६० अंशांवर उबवतात. जांभळा द्रव पिवळा झाला, तर बीजाणू जगले. ती सगळी खेप परत निर्जंतुक करायची आणि यंत्र तपासायचे.