कोपरापासून मनगटापर्यंत

शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यापुढे हाडांची पेटी उघडली जाते आणि पहिली चूक बहुधा बोटांपाशी होते. बोटाचं पेर जेमतेम दोन-चार सेंटिमीटरचं, म्हणून ते ‘आखूड हाड’ असं उत्तर येतं. प्रत्यक्षात ते ‘लांब हाडां’त मोडतं, मांडीच्या हाडाच्याच रांगेत. वर्गवारी मापावर नाही, घडणीवर ठरते. मधे दांडा आणि दोन्ही टोकांना फुगीर डोकी असली की हाड लांब.

आखूड हाडं पाहायची तर मनगटात. तिथे ओबडधोबड खड्यांसारखी आठ हाडं चार-चारच्या दोन ओळींत बसलेली असतात. त्यांतलं एक चाचपताही येतं. तळहात वर करून मनगट सैल सोडावं आणि करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या घडीलगत दाबावं. लागेल तो टणक उंचवटा म्हणजे पिसिफॉर्म. ते स्नायूच्या कंडरेत तयार होतं, म्हणून त्याला गुडघ्याच्या वाटीसारखं कंडरास्थीही मानतात. खांद्याचा फरा चपटा, मणका अनियमित. हे दोन गट ओळखायला फारसा त्रास पडत नाही.

खरी गंमत सांध्यांची आहे. दोन हाडांच्या मधे काय आहे, हा प्रश्न विचारला की सांध्यांचे तीन मोठे गट पडतात, आणि लहान मुलाच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात तिन्ही सापडतात.

या भागात दोन लांब हाडं शेजारी-शेजारी असतात: अंगठ्याच्या बाजूला रेडियस, करंगळीच्या बाजूला अल्ना. त्यांच्या दांड्यांमध्ये चिवट तंतूंचा पडदा ताणलेला असतो. हा तंतुमय सांधा. कवटीच्या हाडांमधल्या शिवणीही याच गटातल्या, मात्र त्या प्रौढपणी हलत नाहीत; हा पडदा दोन्ही हाडांना थोडी मोकळीक देतो. माणूस हातावर पडला की धक्का आधी बसतो तो मुख्यतः रेडियसला, आणि त्यातला काही भार या पडद्यातून अल्नाकडे जातो.

दुसरा गट कूर्चेचा. वाढत्या वयात रेडियसचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये कूर्चेची पातळ चकती असते आणि हाडाची लांबी तिथे वाढते. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, फक्त काळी फट दिसते. नवख्याला तेच फ्रॅक्चर वाटतं. फट नेहमीच्या जागी, टोकाजवळ आडवी आणि दोन्ही हातांत सारखी असेल तर ती बहुधा वाढीचीच. शंका आली तर दुसऱ्या हाताशी ताडून पाहता येतं. वाढ संपताना ही चकती हाडात बदलते, म्हणजे हा सांधाच नाहीसा होतो!

तिसरा गट द्रवाने वंगण मिळणाऱ्या, मोकळ्या सांध्यांचा. कोपर त्यातलंच, पण त्याला नुसतं ‘बिजागरीचा सांधा’ म्हणणं अपुरं आहे. दंडाचं हाड आणि अल्ना यांच्यातली जोडणी बिजागरीची. तिच्यामुळे हात दुमडतो. त्याच आवरणात रेडियसचं गोल डोकं अल्नाशेजारी एका लिगामेंटच्या कड्यात फिरतं. हा खुंटीचा सांधा. दुमडणं एकाकडे, वळणं दुसऱ्याकडे.

हे स्वतःवर तपासता येतं. कोपर अंगाला चिकटवून काटकोनात दुमडावं आणि तळहात वर, मग खाली करावा. अल्ना जवळपास जागेवर राहते, रेडियस तिच्यावरून आडवी होते. कोपर दुमडायचं कारण असं, की हात सरळ असला तर खांद्याचा उखळीचा सांधाही वळणात भर घालतो आणि श्रेय कोणाला द्यायचं ते कळत नाही.

याच कड्याची एक कमजोरी बालरोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाची आहे. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलाला हाताला धरून झटकन वर ओढलं, की सरळ हातात रेडियसचं डोकं कड्यातून थोडं निसटतं आणि लिगामेंट मधे अडकतं. मूल रडतं, मग हात किंचित वाकवून, तळवा आत वळवून तसाच लोंबता ठेवतं. सूज सहसा नसते, एक्स-रेही बहुतेक वेळा नेहमीसारखाच. डॉक्टर हात विशिष्ट पद्धतीने वळवतात, कधी बारीक ‘टक’ जाणवतं आणि बऱ्याचदा काही मिनिटांत मूल त्याच हाताने खेळणं उचलतं. पण मूल पडलं असेल किंवा कोपर सुजलं असेल, तर आधी फ्रॅक्चर नाही ना, हे पाहावं लागतं. अशा वेळी घरी हात पिरगाळून पाहणं धोक्याचं. वयाच्या पाचव्या वर्षानंतर लिगामेंट जाड आणि घट्ट होतं, त्यामुळे हा प्रकार क्वचितच आढळतो.