समोरच्याची लय, आपले शब्द

बोलताना माणसे नकळत एकमेकांच्या वेगाशी आणि स्वराशी जुळवून घेतात. हॉवर्ड जाइल्स यांनी १९७०च्या दशकात याची सैद्धांतिक मांडणी केली. जुळवणे अति झाले तर ते खटकते, हेही तिच्यात येते. मोबाइलवरच्या संदेशात आवाज नसल्याने लांबी, विरामचिन्हे आणि उत्तराचा वेगच सूर ठरवतात. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या अभ्यासात पूर्णविराम दिलेले एकशब्दी उत्तर वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचे वाटले. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसा फरक दिसला नाही.

समजा, डबा पुरवणाऱ्या बाईंना ग्राहकाचा संदेश येतो: ‘ताई उद्या डबा नको परवा २ पाठवाल काा’. ‘नमस्कार. आपला संदेश मिळाला.’ अशी सुरुवात इथे सरकारी पत्रासारखी वाटते. उलट ‘होो दादाा’ हे लाडिक होते, थट्टाही वाटू शकते. ‘चालेल, उद्या बंद. परवा २ पाठवते, पोळी की भाकरी’ हे उत्तर बेताचे आहे: लांबी तेवढीच, शेवटचे चिन्ह गाळलेले, पण गोंधळ टाळणारी चिन्हे राखलेली. ओढलेली अक्षरे, शुद्धलेखनाच्या चुका आणि समोरच्याचे खास शब्द उचलायचे नसतात.

वेगाचेही तसेच. संदेशांची पटापट देवाणघेवाण चालू असेल तर उत्तरही पटकन जावे. समोरच्याने चार तास लावले म्हणून मुद्दाम चार तास थांबणे हा निव्वळ रुसवा. लांबी मात्र दर वेळी जुळवता येत नाही: तक्रार ‘??’ एवढीच आली, तरी उत्तरात कारण आणि वेळ लिहावीच लागते.