पाच हजार मित्र झाले, मग पुढे कोण वाचतं?

फेसबुकवर एका माणसाला एका वेळी पाच हजारांपेक्षा जास्त मित्र ठेवता येत नाहीत. पाच हजारावा मित्र जोडला गेला की पुढची विनंती स्वीकारता येत नाही. जागा करायची तर जुन्या कोणाला तरी यादीतून काढावं लागतं. लेखक, डॉक्टर, शिक्षक, कीर्तनकार, नाटकवाले असे ज्यांचं लिहिणं लोक आवर्जून वाचतात, ते या आकड्यापाशी कधी ना कधी पोचतात. मग ‘मित्रमर्यादा संपली आहे, कृपया फॉलो करा’ अशी ओळ त्यांच्या परिचयात झळकू लागते. ती वाचून लोक फॉलो करतात, फॉलोअरांचा आकडा वाढत जातो, आणि तरीही त्यातल्या बहुतेकांपर्यंत एक अक्षरही पोचत नाही. असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

मैत्री आणि फॉलो हे दोन वेगळे व्यवहार आहेत. मैत्रीला दोघांची संमती लागते. एकाने विनंती पाठवायची, दुसऱ्याने स्वीकारायची, आणि मग दोघं एकमेकांच्या यादीत येतात. फॉलो एकतर्फी असतो. तुम्ही मला फॉलो केलंत तर माझं लिखाण तुमच्याकडे येऊ शकतं, तुमचं माझ्याकडे येत नाही, आणि एरवी त्यासाठी माझी परवानगीही लागत नाही. फेसबुकने ही सोय २०११ मध्ये ‘सबस्क्राइब’ या नावाने सुरू केली आणि पुढच्या वर्षी तिचं नाव ‘फॉलो’ केलं. पाच हजारांची मर्यादा फक्त मैत्रीला आहे, फॉलोअरांना ती लागू नाही.

मैत्री झाली की फॉलो आपोआप होतो, पण या दोन गोष्टी सुट्याही करता येतात. एखाद्याला मित्र ठेवून अनफॉलो केलं तर त्याच्या पोस्ट आपल्याला दिसेनाशा होतात आणि मैत्री कायम राहते. त्याला त्याची सूचनाही जात नाही. लग्नाकार्यात भेटणाऱ्या, पण रोज राजकारणावर भांडणाऱ्या नातेवाइकांसाठी अनेकजण हाच उपाय करतात. म्हणजे पाच हजार मित्र असले तरी पाच हजार वाचक आहेत असं नाही. यादीतल्या किती जणांनी आपल्याला अनफॉलो केलं आहे, ते फेसबुक कधी सांगत नाही.

आता उलटी बाजू. कोणी तुम्हाला मैत्रीची विनंती पाठवली आणि तुम्ही ती तशीच पडू दिलीत, तर काय होतं? तुमच्या सेटिंगमध्ये कोणालाही फॉलो करण्याची मुभा असेल, तर विनंती पाठवणारा त्या क्षणापासून तुमचा फॉलोअर होतो. तुम्ही विनंती काढून टाकलीत तरी तो फॉलोअर राहू शकतो. वर्षानुवर्षं साचलेल्या विनंत्यांमधून अशी एक न दिसणारी गर्दी तयार होते. ‘मला एवढे फॉलोअर आले कुठून?’ या प्रश्नाचं उत्तर बरेचदा इथेच असतं.

या गर्दीला काय दिसतं ते एका छोट्या चिन्हावर ठरतं. प्रत्येक पोस्टवर तारखेशेजारी ते असतं. पृथ्वीचा गोल असेल तर पोस्ट Public आहे. दोन माणसांची आकृती असेल तर ती फक्त मित्रांसाठी, म्हणजे Friends आहे. फॉलोअरांना केवळ पहिल्या प्रकारच्या पोस्ट दिसतात. फॉलो केल्यामुळे कोणालाही तुमचं खासगी काही पाहण्याचा हक्क मिळत नाही. जे आधीच सगळ्यांसाठी खुलं आहे, ते त्याच्या फीडमध्ये येण्याची वाट मात्र उघडते. वाड्याच्या ओसरीवर कोणीही येऊन बसावं, माजघरात मात्र घरच्यांनीच जावं, तसं हे आहे. तुम्ही सगळं माजघरातच बोलत राहिलात, तर ओसरीवरच्यांना काही ऐकू येणार नाही.

साताऱ्याकडच्या एका शाळेतले शिक्षक डोळ्यांसमोर आणू. ते गडकिल्ल्यांवर लिहितात: कोणत्या गडावर टाकी कुठे आहेत, कोणती वाट पावसाळ्यात निसरडी होते, कोणत्या दरवाज्याचं बांधकाम कसं आहे. गेल्या काही वर्षांत त्यांचे पाच हजार मित्र पुरे झाले, सहाशे विनंत्या पडून आहेत आणि फॉलोअरांचा आकडा नऊशेवर गेला आहे. पण नव्या लेखावर प्रतिसाद देणारे तेच जुने पन्नास-साठ लोक. फेसबुक आपलं लिखाण दाबतंय, अशी त्यांची पक्की समजूत झाली आहे.

खरं काय ते पाहायला त्यांनी स्वतःच्या प्रोफाइलवर जाऊन तीन टिंबांच्या मेनूतून View As निवडावं. अनोळखी माणसाला त्यांचं प्रोफाइल कसं दिसतं ते समोर येतं. आणि त्यांच्या बाबतीत दिसतं काय? प्रोफाइलचा फोटो, कव्हरचा फोटो, कधीतरी बदललेल्या त्या फोटोंच्या नोंदी, बस. गडांवरचा एकही लेख नाही. कारण अगदी सुरुवातीला त्यांनी सावधगिरी म्हणून पोस्टचा प्रेक्षक Friends ठेवला आणि पुढे ते विसरले. नऊशे फॉलोअर इतकी वर्षं रिकामी ओसरी पाहत होते.

उपाय सोपा आहे, पण इथेच दुसरी चूक घडते. माणूस घाईने सगळंच Public करून टाकतो, आणि मग मुलीच्या शाळेच्या गणवेशातला फोटो, घराचं दार, गावाला निघाल्याची बातमी, सगळं अनोळखी नऊशे लोकांपुढे जातं. या शिक्षकांनी नेहमीचा प्रेक्षक Friends असाच ठेवावा आणि फक्त गडावरचा लेख टाकताना तेवढ्या पोस्टचा प्रेक्षक Public करावा. जुने लेखही एकेक करून तसे बदलता येतात. पोस्ट टाकण्याआधी ते चिन्ह दर वेळी पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी, कारण मागच्या वेळची निवड तशीच राहिलेली असू शकते.

Followers and public content या नावाचा एक विभाग सेटिंग्जमध्ये आहे. Who can follow me हा प्रश्न तिथेच असतो, आणि उत्तर Public किंवा Friends. Friends निवडलं तर मित्रांव्यतिरिक्त कोणी फॉलो करू शकत नाही, आणि पडून राहिलेल्या विनंतीतून नवा फॉलोअरही होत नाही. ज्याला फक्त नातेवाईक आणि ओळखीची माणसं हवी आहेत, त्याने हेच निवडावं असं माझं स्पष्ट मत आहे. विशेषतः ज्या मुलींना आणि स्त्रियांना अनोळखी विनंत्यांचा त्रास होतो, त्यांनी आजच हे उत्तर तपासावं. याच विभागात आपल्या Public पोस्टवर कोणी प्रतिक्रिया द्यायची हेही वेगळं ठरवता येतं. लेख सर्वांनी वाचावा, पण खाली लिहायचं ते मित्रांनीच, अशी सोय करता येते. आमच्या शिक्षकांना मात्र प्रतिक्रिया खुल्या ठेवणं फायद्याचं, कारण एखाद्या गडाखालच्या गावातला अनोळखी माणूसच नेमकी माहिती देऊन जातो.

यानंतर पानाचा, म्हणजे पेजचा विषय येतो. पेजची सोय फेसबुकने २००७ मध्ये संस्था, व्यवसाय आणि सार्वजनिक व्यक्तींसाठी आणली. पेजला मित्र नसतात, त्यामुळे मित्रमर्यादेचा प्रश्नच उद्भवत नाही. पेज कोणाला मैत्रीची विनंती पाठवू शकत नाही, आणि आपणहून कोणा अनोळखी माणसाला पहिला निरोपही धाडू शकत नाही. लोक येतात आणि फॉलो करतात. पूर्वी पेजला ‘लाइक’ करणं आणि ‘फॉलो’ करणं असे दोन आकडे वेगळे दिसत. २०२१ मध्ये आलेल्या नव्या रचनेत फेसबुकने लाइक काढून फॉलोअरांवरच भर दिला. पेज मुळातच जगासमोर मांडण्यासाठी असल्यामुळे प्रोफाइलसारखी ओसरी-माजघराची काळजी तिथे करावी लागत नाही.

मग शिक्षकांनी पेज काढावं का? एकटेच लिहीत असतील तर घाई करू नये. पेज शून्यापासून सुरू होतं. प्रोफाइलवरच्या मित्रांना पेज फॉलो करण्याचं आमंत्रण देता येतं, पण ते स्वीकारणं त्यांच्या हातात. शिवाय २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने जाहीर केलं की फीडमध्ये मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना जास्त जागा मिळेल आणि पेजवरच्या मजकुराला कमी. पेजचे हजार फॉलोअर आणि प्रोफाइलचे हजार मित्र यांचं वजन सारखं नसतं. जे लिखाण माणसाच्या नावावर आणि ओळखीवर वाचलं जातं, त्याला प्रोफाइलवरचा Follow बऱ्याचदा पुरतो. आकडेवारी पाहायची किंवा लिखाणातून कमाई करायची असेल, तर प्रोफाइलवरच प्रोफेशनल मोड सुरू करता येतो. त्यानेही मित्रांची मर्यादा पाच हजारच राहते. पण मोड सुरू केल्यावर फॉलोची मुभा आणि पोस्टचा प्रेक्षक ही दोन्ही उत्तरं पुन्हा तपासून घ्यावीत.

पण त्यांनी दहा-बाराजण जमवून गडस्वच्छतेची मोहीम सुरू केली, नावनोंदणी, वर्गणी, वेळापत्रक असं काही चालू झालं, तर मी पेजच काढायला सांगेन. प्रोफाइल एका माणसाचं असतं. त्याचा पासवर्ड दुसऱ्याला देणं नियमाविरुद्ध आहे आणि धोक्याचंही. संस्थेच्या नावाने प्रोफाइल उघडणंही नियमात बसत नाही. अनेक मंडळं आणि दुकानं तसं करतात, आणि एक दिवस खातं बंद झालं की सारे मित्र, फोटो, निरोप एकदम जातात. पेज मात्र अनेकांनी मिळून चालवायचं असतं. प्रत्येकजण स्वतःच्या प्रोफाइलमधून काम करतो आणि कोणाला संपूर्ण अधिकार, कोणाला फक्त पोस्ट टाकण्यापुरते, असं वाटून देता येतं. पेज चालवणाऱ्यांची नावं वाचकांना आपोआप दिसत नाहीत. ते कधी निघालं, त्याचं नाव कितीदा बदललं, चालवणारे कोणत्या देशातले आहेत, हे पेजविषयीच्या माहितीत पाहता येतं. एखाद्या पेजवर पैसे मागितले जात असतील, तर वर्गणी देण्याआधी ही नोंद वाचावी. मिठाई किंवा विनोदाच्या नावाने निघालेलं पेज आज देणगी मागत असेल, तर नावाचा इतिहास ते उघड करतो.

संपूर्ण अधिकार एकाच माणसाकडे ठेवू नये. त्याचं खातं कोणी बळकावलं किंवा कुलूपबंद झालं, तर पेजही अडकतं. आणि तो माणूस गेला, घरच्यांनी कळवल्यावर फेसबुकने त्याचं प्रोफाइल स्मृतिखातं केलं, तर ज्या पेजचा तो एकटाच चालक होता ते पेज फेसबुक काढून टाकतं. प्रोफाइल आठवण म्हणून राहतं, मोहिमेची सगळी नोंद मात्र नाहीशी होते. म्हणून पेज काढलं त्याच दिवशी दुसऱ्या एका विश्वासू सभासदाला संपूर्ण अधिकार द्यावेत, आणि तो सभासद नोकरीनिमित्त बाहेरगावी गेला की तिसऱ्याला.