थर धुमसाचा, भेग गिलाव्याची

गावाकडच्या घराचं संगणकावर काढलेलं चित्र हल्ली गिऱ्हाइकापुढे ठेवलं जातं, तेव्हा त्यात मातीची भिंत बहुधा असतेच. भिंतीवर आडवे थर, थरांवरून पसरलेलं बारीक भेगांचं जाळं आणि वर कलत्या उन्हाचा तांबूस रंग. चित्र देखणं असतं यात वाद नाही. पण तशी भिंत कुणी बांधू म्हणेल तर बांधता येणार नाही. आडवे थर हे साच्यात धुमसानं ठोकलेल्या मातीचे असतात आणि भेगांचं जाळं हे मातीच्या गिलाव्याचं असतं. गिलावा चढला की थर झाकले जातात. थर दिसत असतील, तर तिथं गिलावा नाही. एकाच पृष्ठभागावर दोन्ही दाखवणारा दोन वेगळ्या कामांचे फोटो एकमेकांवर चिकटवत असतो. आणि ही दोन कामं वेगळी होतात ती मुख्यतः पाण्यामुळे.

ठोकून बांधायच्या भिंतीची माती हातात घेतली तर ती ओली वाटतच नाही, नुसती दमट वाटते. पाणी वजनाच्या साधारण 10 टक्के. याची परीक्षा जुनी आणि बिनखर्चाची आहे: मुठीत दाबून मातीचा गोळा करायचा आणि छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडायचा. भुगा झाला तर पाणी कमी, लगद्यासारखा तसाच बसला तर जास्त, चार-पाच तुकडे झाले तर ठीक. या मातीत वाळू आणि खडीच जास्त असते, चिकणमाती बांधण्यापुरती. ठोकताना कण एकमेकांना भिडतात, म्हणून नंतर ते 10 टक्के पाणी उडून गेलं तरी भिंत फारशी आकसत नाही. लांब भिंतीत एखादी उभी भेग पडते, ती बहुधा साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर, आणि जाणकार बांधणारे ती तिथंच पडावी अशी सोय करून ठेवतात. भिंतभर बारीक जाळं पडायला आकसणारं काही तिच्यात फारसं उरलेलंच नसतं.

थर म्हणजे रंगाचा पट्टा, ही समजूतही चित्रांनीच रूढ केली आहे. साच्यात साधारण 15 सेंटिमीटर भुसभुशीत माती टाकतात आणि ती 10 सेंटिमीटरच्या आसपास येईपर्यंत ठोकतात. धुमसाचा मार वरून येतो आणि खाली जाताना विरतो. त्यामुळे प्रत्येक थराचा वरचा भाग गच्च होतो, खालचा जरा सैल राहतो. शिवाय माती ओतताना मोठे खडे घरंगळून तळाशी, फळीच्या कडेला जातात. दोन थरांमध्ये आपल्याला जी रेघ दिसते ती ही: खालच्या थराचा घट्ट माथा आणि त्यावर वरच्या थराचा खडबडीत, जागोजाग पोकळ तळ. रंग एकच असला तरी ती दिसते, कारण तिथं सावली पडते. एवढं लक्षात असलं की चित्र तपासता येतं. 3 मीटर उंच भिंतीत सुमारे 30 थर हवेत. 60 दिसले तर फोटो निम्म्या मापात चिकटवला आहे. 2 मीटरचा फोटो 8 मीटरच्या भिंतीवर चार वेळा लावला की तोच खडा चार ठिकाणी सापडतो. पण सगळ्यांत पक्की खूण कोपऱ्यात मिळते. कोपऱ्याचा साचा सलग भरलेला असतो, म्हणून थर त्याच पातळीवर वळून दुसऱ्या बाजूला गेला पाहिजे, आणि कोपऱ्याची धार किंचित छाटलेली हवी, कारण साचा काढताना तीक्ष्ण धार हमखास तुटते. चित्रात धार सुरीसारखी असते आणि थर कोपऱ्यावर येऊन चक्क तुटतात.

गिलाव्याची गोष्ट याच्या अगदी उलट. तो थापीनं किंवा हातानं पसरवायचा, म्हणून माती पातळसर कालवावी लागते आणि पाणी 10 टक्क्यांच्या कितीतरी पुढे जातं. ते उडालं की चिकणमाती आकसते, पण मागची भिंत तिला धरून ठेवते. ताण सोसला नाही की गिलावा फाटतो. म्हणून त्यात वाळू आणि भुसा घालतात. प्रमाण ठरवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे भिंतीवरच हातभर नमुने लावणं: मातीच्या एका वाट्याला एक वाटा वाळू, मग दोन, मग तीन, आणि वाळेपर्यंत वाट पाहणं. जिथं भेगा पडतात तिथं वाळू कमी, जिथं हात फिरवला की भुकटी निघते तिथं जास्त. भेगांची वीणही काही सांगत असते. गिलावा जाड असतो तिथं भेगा रुंद आणि दूरदूर, पातळ असतो तिथं बारीक आणि जवळजवळ. मग संपूर्ण भिंतीवर एकसारखी वीण कुठून येणार? खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग तर या हिशेबातच बसत नाही. तिथं भिंतीवरचा भार किंवा खचलेला पाया बोलत असतो. चित्रकार तीही शोभेसाठी काढून मोकळा होतो.

चित्र नुसती कल्पना देण्यासाठी असतं, त्यात एवढा कीस कशाला, असं कुणी म्हणेल. हरकत रास्त वाटते, पण व्यवहारात टिकत नाही. गिऱ्हाईक भिंत निवडतं ती त्या चित्रावरून. गवंडी तशी भिंत देऊ शकत नाही, मग सिमेंटच्या गिलाव्यावर रंगीत पट्टे ओढले जातात. याहून वाईट म्हणजे खऱ्या मातीच्या भिंतीवर पहिली भेग दिसली की धीर सुटतो आणि वरून सिमेंट चढवलं जातं. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती ओल आत कोंडतं, मागची माती मऊ पडते आणि काही पावसाळ्यांत गिलावा फुगून पापुद्र्यासारखा सुटतो. गिलाव्यातली बारीक भेग मात्र पातळ मातीचा हात फिरवून बुजते.

दुसरी हरकत अधिक नेमकी आहे: थर आणि गिलावा शेजारी-शेजारी दिसूच शकत नाहीत का? दिसतात, पण त्याला कारण लागतं. आतून गिलावा आणि बाहेरून उघडी भिंत, हे सर्रास होतं. जुन्या भिंतीचा गिलावा पागोळ्यांच्या शिंतोड्यांनी तळाशी, हात-दीड हात उंचीपर्यंत, झडतो आणि तिथं मागचे थर उघडे पडतात. चित्रकारानं गिलाव्याची फाटकी कड तिथं दाखवली, तळाचा रंग ओलीनं गडद केला, तर ते चित्र खरं ठरेल. पाऊस भिंतीचं काय करतो याचा उघड हिशेब ठोकलेल्या मातीच्या भिंती बांधणाऱ्या मार्टिन राउख यांनी ऑस्ट्रियातल्या श्लिन्स गावी स्वतःच्या घरात मांडला आहे. 2008 साली पूर्ण झालेल्या या घराच्या बाहेरच्या भिंतींना गिलावा नाही. थरांमध्ये ठराविक अंतरानं भाजलेल्या मातीच्या पट्ट्या किंचित बाहेर काढून बसवल्या आहेत. उतरणाऱ्या पाण्याचा वेग त्या मोडतात. वरवरची बारीक माती थोडी धुऊन जाते, खडे उघडे पडतात आणि मग झीज मंदावते. तिथला खडबडीतपणा पावसानं आणलेला आहे, आणि तो किती येईल हे आधीच धरलेलं होतं.

महाराष्ट्रातल्या गावाचं चित्र काढताना आणखी एक अडचण येते. आपल्याकडची जुनी मातीची घरं, विशेषतः मराठवाड्यातली माळवदं, कच्च्या विटांची आणि पांढऱ्या मातीची; धुमसानं ठोकलेल्या थरांची भिंत ही इथली मुख्य रीत नव्हे. ती नव्यानं बांधायला कुणाची ना नसावी, पण रानातली काळी माती तिला चालत नाही, ती ओलीनं फुगते आणि उन्हानं फाटते. मुरुमाची माती बरी. मुरूम कुठला आणि कसा हे ठरल्याशिवाय भिंतीचा रंगही ठरत नाही, कारण तांबूसपणा आणि पिवळेपणा हा त्यातल्या लोहाचा. म्हणून चित्र काढण्याआधी जागेवरच्या मातीचा एक ठोकळा ठोकून वाळवावा, गिलाव्याचे तीन नमुने लावावेत, आणि फोटो घ्यायचाच तर त्यांचा घ्यावा.